लस गेली, पथ्य उरलं

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात लसीकरणाच्या दिवशी बाकावर बसलेल्यांचे प्रश्न ऐकले, तर लशीबद्दलचे प्रश्न थोडे आणि पथ्याबद्दलचे जास्त असतात. आज अंघोळ घालायची का? वांगं चालेल का? अंडं-मटण किती दिवस बंद? दुपारी झोपलं तर सूज चढेल का? आणि हळूच, बायकोचं लक्ष नाही असं बघून विचारलेला एक प्रश्न: 'घेतली तर चालंल का?' ही लस कशावरची, पुढचा डोस कधी, त्रास झाला तर काय करायचं, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. या पथ्यांना अडाणीपणा म्हणून निकालात काढणं सोपं आहे, पण ते चुकीचं ठरेल. त्यांतली बरीचशी हवेतून आलेली नाहीत. कोणत्या ना कोणत्या जुन्या लशीच्या, जुन्या सुईच्या किंवा जुन्या आजाराच्या बाबतीत ती कधीकाळी शहाणपणाची होती. ती लस बंद झाली, ती सुई गेली, आणि पथ्य मात्र घरातल्या वडीलधाऱ्यांकडून नव्या लशीला चिकटत राहिलं. त्यामुळे 'हे खरं की खोटं' याआधी 'हे कोणत्या लशीचं पथ्य होतं' असं विचारलं, तर गाळायचं काय आणि राखायचं काय हे आपोआप उलगडतं.

अंघोळीपासून सुरुवात करू. 'टोचल्यावर तीन दिवस अंगाला पाणी नको' हा नियम मूळचा देवीच्या लशीचा दिसतो. हिंदुस्थानात ती पहिल्यांदा टोचली गेली ती मुंबईत, १८०२ सालच्या जून महिन्यात. नंतर बेळगावच्या टिळकवाडीत, ज्या जागेला लोक आजही व्हॅक्सिन डेपो म्हणतात, तिथे देवीची लस तयार होऊ लागली. ही लस म्हणजे जिवंत विषाणू, आणि ती कातडीवर ओरखडून दिली जाई. तीन-चार दिवसांनी तिथे पुटकुळी यायची, आठवड्याभराने तिच्यात पाणी आणि मग पू भरायचा, खपली धरून ती पडायला दोन-तीन आठवडे लागायचे. या सगळ्या काळात त्या फोडात लागणकारी विषाणू असत. अंघोळीत चोळून तो फोड फुटला आणि तोच हात डोळ्याला लागला, किंवा तोच पंचा दुसऱ्या लेकराच्या अंगावर फिरला, तर तिथे नवा फोड उठायचा. म्हणून फोड कोरडा ठेवा, चोळू नका, हा सल्ला योग्यच होता. देशातला देवीचा शेवटचा स्थानिक रुग्ण १९७५ साली आढळला आणि पुढे ती लसही बंद झाली. आज दंडात किंवा मांडीत खोल स्नायूत दिलेल्या लशीचं कातडीवर राहतं ते एक टाचणीएवढं भोक, आणि तेही थोड्याच वेळात मिटतं. अंघोळीचं पाणी त्यातून आत जात नाही आणि लसही धुऊन बाहेर येत नाही. त्याच दिवशी नेहमीची अंघोळ चालते. ताप असेल तर कोमट पाण्याने अंग पुसावं, अंघोळ घातली तरी ताप 'आत जात' नाही.

जुन्या पथ्याचा एक धागा मात्र आजही उपयोगी आहे, तो म्हणजे चोळू नका. आपल्याकडे तान्ह्या बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या बाई आधी पायांवर घेऊन तेलाने चांगलं रगडतात. दीड महिन्याच्या डोसानंतर मांडी लाल आणि घट्ट झालेली असते, आणि 'गाठ जिरावी' म्हणून तिथेच जास्त जोर लावला जातो, वर शेक दिला जातो. इथे पाण्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते रगडण्याने आणि गरम शेकाने, कारण त्यामुळे सूज आणि दुखणं दोन्ही वाढतात. दोन-तीन दिवस तेवढी मांडी सोडून मालिश करावी, फार दुखत असेल तर थंड पाण्यात पिळलेलं स्वच्छ फडकं ठेवावं, आणि गाठ आपोआप विरू द्यावी. जन्मल्यावर डाव्या दंडावर देतात ती बीसीजी ही देवीच्या लशीची आठवण करून देणारी एकमेव नेहमीची लस. दोन-तीन आठवड्यांनी तिथे पुळी येते, ती फुटून लहानसं व्रण होतं, आणि सहा ते बारा आठवड्यांत भरून वण राहतो. हे अपेक्षितच असतं. तिथेही अंघोळ चालते. हळद, मलम, पावडर, पट्टी यांपैकी काहीही लावायचं नाही, एवढंच पाळायचं.

आता खाणं. 'वांगं, बटाटा, हरभऱ्याची डाळ, आंबट खाल्लं की इंजेक्शन पिकतं' हे वाक्य या भागात अनेक घरांत ऐकू येतं, आणि त्यातला 'पिकतं' हा शब्द नीट ऐकण्यासारखा आहे. इंजेक्शनं पूर्वी खरोखरच पिकत. काचेची सिरिंज आणि पोलादी सुई पातेल्यात उकळून एकामागून एक माणसाला वापरली जाई. उकळणं अपुरं राहिलं की जंतू आत जात आणि दोन-चार दिवसांनी गळू होई. दोष सुईचा होता, पण सुई तर डॉक्टरांची. मधल्या दिवसांत रुग्णाने काय खाल्लं ते मात्र घरच्यांना दिसत होतं, आणि आयुर्वेदाच्या परंपरेतून आलेली उष्ण-वातूळ पदार्थांची यादी तयारच होती. आळ वांग्यावर गेला. आता सरकारी लसीकरणात एकदाच वापरता येणारी, दुसऱ्यांदा ओढायला गेलं की दांडा अडकणारी सिरिंज असते. गळू आजही क्वचित होऊ शकतं. झालं तर कारण शोधायचं ते सुई, कुपी आणि कातडीची स्वच्छता यांत, ताटात नव्हे.

अंड्याचं प्रकरण जरा वेगळं आहे, कारण तिथे खऱ्या गोष्टीचा विपर्यास झालेला आहे. फ्लूच्या काही लशी आणि पिवळ्या तापाची लस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात. म्हणून अंड्याची तीव्र ॲलर्जी असणाऱ्याने तसं आधी सांगावं, असा सल्ला असतो. तो अर्धवट पोहोचला आणि 'लस घेतल्यावर अंडं खायचं नाही' असा होऊन बसला. ज्याला अंडं एरवी पचतं त्याने ते लशीनंतर खाल्लं तर काहीच फरक पडत नाही, आणि मटणाचंही तेच. खाण्याचे खरे नियम काही लशींना आहेत, पण त्या पोटातून देण्याच्या लशी. टायफॉइडची कॅप्सूल जेवणाआधी तासभर, गार पाण्याबरोबर घ्यावी लागते, कॉलऱ्याच्या एका लशीच्या आगेमागे तासभर काही खायचं नसतं. तिथे लस जठरातूनच जाणार असल्यामुळे जठरात काय आहे याला अर्थ आहे. बाळाच्या पोलिओ आणि रोटा लशीचे थेंबही तोंडानेच जातात, पण त्यांच्याआधी किंवा नंतर अंगावरचं दूध थांबवण्याची गरज नाही. उलट टोचताना किंवा लगेच नंतर छातीशी घेतलं की बाळाचं रडणं लवकर थांबतं. मोठ्यांच्या बाबतीत खाण्याचा एकच सल्ला खरा आहे: उपाशीपोटी येऊ नका. सुईच्या भीतीने चक्कर येणारे बरेच असतात, आणि उपवासाच्या दिवशी, उन्हात रांगेत उभं राहून आलेल्याला ती लवकर येते.

दारूच्या नियमाचा इतिहास सगळ्यांत बोलका आहे. कुत्रं चावल्यावर 'पोटात चौदा इंजेक्शनं' ही दहशत चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकाला आठवते. ती सेम्पल लस. डेव्हिड सेम्पल यांनी १९११ साली कसौलीला ती बनवली. मेंढीच्या मेंदूत रेबीजचा विषाणू वाढवायचा, फेनॉलने मारायचा, आणि तो मेंदूच पातळ करून टोचायचा. एकेका वेळी इतकं द्रव असे की त्यासाठी पोटावरची सैल कातडीच लागे. त्या द्रवात मेंदूतला मज्जावरणाचा पदार्थ येई आणि काही हजारांत एखाद्याची प्रतिकारशक्ती त्या पदार्थाबरोबर स्वतःच्याच मज्जासंस्थेवर उलटे. लकवा होई, प्रसंगी मृत्यूही. त्यामुळे डॉक्टर फार सावध असत. दारू नको, कष्टाचं काम नको, जागरण नको, ऊन-थंडी अंगावर घेऊ नका, असं ते बजावत. ही बंधनं लकवा टाळत होती की नाही हे कधी पक्कं सिद्ध झालं नाही, पण एवढ्या धोक्यापुढे सांगणाऱ्याला दोष देता येत नाही. भारतात या लशीचं उत्पादन २००४ च्या अखेरीस थांबलं. आताची लस पेशींवर वाढवलेली आणि शुद्ध केलेली आहे, तिच्यात मेंदूचा अंश नसतो, आणि म्हणून त्या लकव्याचं कारणच उरलेलं नाही. तरी 'कुत्र्याच्या इंजेक्शनावर दारू चालत नाही, जीव जातो' हे वाक्य अजून जिवंत आहे.

करोनाच्या लशीबरोबर हीच गोष्ट पुन्हा घडली. डिसेंबर २०२० मध्ये रशियाच्या उपपंतप्रधान तात्याना गोलिकोवा यांनी स्पुटनिक लस घेणाऱ्यांनी बेचाळीस दिवस दारू टाळावी असं सांगितलं. बेचाळीस हा आकडा आला दोन डोसांतल्या एकवीस दिवसांतून आणि त्यानंतरच्या तेवढ्याच दिवसांतून. ती लस बनवणारे अलेक्झांडर गिंट्सबर्ग यांनी लगेच खुलासा केला की प्रत्येक डोसानंतर तीन दिवस सांभाळलं तरी पुरे. पण बेचाळीसचा आकडा जगभर फिरला, आणि १६ जानेवारी २०२१ ला आपल्याकडे लसीकरण सुरू झालं तेव्हा कोविशिल्ड आणि कोव्हॅक्सिनलाही तो लावला गेला, ज्यांचा स्पुटनिकशी काही संबंध नव्हता. दारूमुळे लशीचा परिणाम कमी होतो असा पुरावा नाही, असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने आपल्या प्रश्नोत्तरांत तेव्हाच सांगितलं होतं. वर्षानुवर्षं भरपूर पिणाऱ्यांमध्ये काही लशींना, विशेषतः हिपॅटायटिस बीच्या लशीला, प्रतिसाद कमी मिळतो हे खरं आहे. पण ते सवयीमुळे थकलेल्या शरीराचं लक्षण आहे, आठवडाभर थांबून ते बदलत नाही. मग डॉक्टर 'दोन दिवस नका घेऊ' का म्हणतात? कारणं साधी आहेत. डोकं दुखणं, उलटी, चक्कर हे लशीमुळे की पिण्यामुळे, हे कळेनासं होतं. तापात अंगातलं पाणी आधीच कमी झालेलं असतं. तापासाठी घेतलेलं पॅरासिटामॉल आणि रोजची दारू एकत्र आली की भार यकृतावर पडतो. हा सल्ला चांगलाच आहे. पण तो मोडला तर लस फुकट जाते किंवा जीव जातो, हे मात्र खरं नाही.

हा फरक शब्दांचा खेळ वाटू नये म्हणून एक उदाहरण तपशिलात पाहू. समजा, वाळवा तालुक्यात ऊसतोडीला आलेल्या एका मजुराच्या पोटरीला सोमवारी सकाळी कुत्र्याने चावा घेतला आणि रक्त आलं. त्याच्या जिवाचा निर्णय पहिल्या पंधरा मिनिटांत सुरू होतो. वाहत्या पाण्याखाली, साबण लावून, पंधरा मिनिटं जखम धुवायची. मिरचीपूड, चुना, हळद काही भरायचं नाही, कारण त्याने विषाणू मरत नाही, जखम मात्र आणखी चिडते. मग दवाखाना. रक्त आलेल्या जखमेत प्रतिद्रव्याचं इंजेक्शन, ज्याला इम्युनोग्लोब्युलिन म्हणतात, ते जखमेच्या आत आणि भोवती भरावं लागतं, आणि दोन्ही दंडांच्या कातडीत लशीचा पहिला डोस. पुढचे डोस तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, म्हणजे त्याच आठवड्याचा गुरुवार, पुढचा सोमवार, आणि चार आठवड्यांनंतरचा सोमवार. आता या माणसाला कुणीतरी सांगतं, 'महिनाभर दारू नाही, मटण नाही, वांगं नाही, नाहीतर लस उलटते.' पहिल्या दोन डोसांपर्यंत तो तग धरतो. मग बाजाराच्या दिवशी घेतो. लस आता 'मोडली' असं त्याच्या मनाने घेतलेलं असतं, शिवाय नर्सबाई रागावतील ही भीती. तो सोमवारी जातच नाही. प्यायल्यामुळे त्याच्या लशीचं काहीच बिघडलेलं नव्हतं, न गेल्यामुळे मात्र संरक्षण अपुरं राहिलं. आणि रेबीजची लक्षणं एकदा दिसली की त्यावर उपचार नाही. त्याला सांगायला हवं होतं ते असं: प्यायला असशील तरी ये, डोस चुकला असेल तरी ये, कोर्स पहिल्यापासून करावा लागत नाही, राहिलेला पुढे चालू होतो. टोळी तोवर दुसऱ्या गावच्या फडात गेली असेल, तर कार्ड बरोबर ठेव आणि तिथल्या सरकारी दवाखान्यात डोस घे.

'पथ्याने नुकसान तर काही होत नाही ना, पाळलं तर बिघडलं काय?' या नेहमीच्या आक्षेपाचं उत्तर या उदाहरणातच आहे. पथ्य फुकट नसतं. ते पाळता येणार नाही म्हणून लस पुढे ढकलली जाते. यात्रा, लग्न, श्रावण संपल्यावरची पहिली कोंबडी, हे सगळं लशीच्या वाटेत येतं. बाळंतिणीचं खाणं आधीच नको तितकं छाटलेलं असतं, बाळाच्या डोसानंतर त्यातून आणखी चार पदार्थ जातात. दुसरा आक्षेप अनुभवाचा: 'मी अंडं खाल्लं आणि हात सुजला.' सुजला असेल. पण दंड दुखणं आणि थोडी सूज हे लशीनंतर इतक्या जणांना होतं की त्या दिवशी त्यांनी जे काही खाल्लं असेल ते प्रत्येक वेळी दोषी ठरेल. ज्यांनी अंडं खाल्लं आणि हात सुजला नाही, त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही. आणि पथ्य पाळूनही ताप आला तर 'काहीतरी चुकून खाल्लं असेल' म्हणायला जागा राहतेच. ज्या नियमाला चूक ठरण्याची वाटच नाही, त्याला अनुभवाचा आधार आहे असं म्हणता येत नाही.

राहिली झोप. 'लस घेऊन दुपारी झोपू नये, अंगात चढते' या समजुतीत दोन जुन्या गोष्टींची सरमिसळ दिसते. एक, दिवसा झोपल्याने कफ वाढतो हा आयुर्वेदातला विचार. दुसरी, साप चावलेल्या माणसाला झोपू न देण्याची रीत, जी नागपंचमीसाठी नावाजलेल्या बत्तीस शिराळ्याच्या या मुलखाला चांगलीच ठाऊक आहे. नाग किंवा मण्यार चावल्यावर विषाने पापण्या जड होऊन मिटतात आणि ते झोपेसारखं दिसतं. बघणाऱ्यांना वाटलं, झोप आली की विष चढतं. पण ती झोप नव्हती, स्नायू लुळे पडत होते. लस हे विष नाही आणि ती झोपेत चढत नाही. उलट पुरावा दुसऱ्या दिशेला बोट दाखवतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा जर्मन प्रयोगात हिपॅटायटिस एची लस घेतल्यावर काही तरुणांना त्या रात्री झोपू दिलं आणि काहींना जागवलं. चार आठवड्यांनी झोपलेल्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं जागलेल्यांच्या जवळजवळ दुप्पट होती. त्याआधी शिकागोत फ्लूच्या लशीच्या वेळी काही रात्री चारच तास झोपलेल्या तरुणांत दहाव्या दिवशी प्रतिपिंडं निम्म्याहून कमी भरली, पण तीन-चार आठवड्यांनी तो फरक पुसला गेला. प्रयोग लहान आहेत, त्यामुळे एका जागरणाने लस वाया जाते असं कुणी म्हणू नये. तरी साखर कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्याला शक्य असेल तर पाळी नसलेल्या दिवशी लस द्यावी, एवढा व्यवहारी निष्कर्ष त्यातून निघतो. आणि बाळ डोसानंतर जास्त झोपलं, पण जागं केल्यावर नीट पितं, तर त्याला झोपू द्यावं.

इतकं गाळल्यावर हातात उरतं ते थोडं आहे, पण चुकवण्यासारखं नाही. टोचण्याआधी सांगायचं ते असं: मागच्या डोसाला श्वास अडकण्यासारखी रिॲक्शन आली होती का, सध्या जोराचा ताप आहे का, स्टिरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू आहेत का, आणि रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे का. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना काही जिवंत लशी देत नाहीत आणि कुत्रं चावल्यावरचे उपचार अधिक कडक करावे लागतात. रक्त पातळ असणाऱ्याच्या दंडावर टोचल्यावर चोळायचं नाही, काही मिनिटं घट्ट दाबून धरायचं. टोचल्यानंतर अर्धा तास तिथेच बसायचं. या अर्ध्या तासाची घाई सगळेच करतात, आणि खरं पथ्य नेमकं तेच आहे. जीवघेणी ॲलर्जी क्वचितच होते, पण झाली तर बहुधा काही मिनिटांतच कळते: अंगभर गांधी, ओठ-जीभ सुजणं, घशात घरघर, नाडी जलद आणि क्षीण होणं. त्यावर ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन लागतं आणि ते केंद्रात असतं, घरी नसतं.

घरी गेल्यावर पाहायचं ते ताप आणि टोचलेली जागा. पेंटाव्हॅलंटनंतरचा ताप पहिल्या दिवशी-दुसऱ्या दिवशी येतो आणि जातो. गोवर-रुबेलाचा ताप आठवड्याभराने येतो, तेव्हा लोक तो लशीला जोडतच नाहीत. पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे, डॉक्टरांनी सांगितल्याइतकं आणि ताप आल्यावर द्यावं. ताप येऊ नये म्हणून आधीच देऊ नये, कारण झेक प्रजासत्ताकात झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तसं दिलेल्या बाळांत काही लशींची प्रतिपिंडं कमी आढळली. ताप तीन दिवसांपुढे गेला, बाळ तीन तास न थांबता रडत राहिलं, झटका आला, श्वास लागला, प्यायचं बंद केलं, किंवा सूज तिसऱ्या दिवसानंतर वाढतच गेली, तर पथ्य कुठे मोडलं याची चर्चा न करता दवाखाना गाठायचा. आणि शेवटची काळजी तारखेची. केंद्रातून मिळालेल्या कार्डावर वांगं, अंडं, अंघोळ यांतलं काहीच लिहिलेलं नसतं. पुढच्या डोसाची तारीख लिहिलेली असते. कडक पथ्याइतक्या काटेकोरपणे ती पाळली, तर आजीच्या पथ्यामागचा लेकराला जपण्याचा हेतूही साधतो आणि लशीचं कामही.